पट्टी उघडली की पुन्हा रक्त

डॉक्टर, काल रात्री नऊच्या सुमारास काचेचा ग्लास आतून घासताना हातातच फुटला. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला मुळाशी, तळव्याच्या बाजूने, आडवं कापलं. दीड-पावणेदोन सेंटीमीटर असेल, पण खोल आहे. पट्टी बांधली की रक्त थांबतं, बघायला उघडली की परत झिरपायला लागतं. आज दुपारपर्यंत चार वेळा उघडून अँटिसेप्टिक लोशनने धुतली. बोटाच्या टोकाला अंगठ्याच्या बाजूने जरा बधिर वाटतं, पण ते पट्टी घट्ट बांधल्यामुळे असावं. मी बावन्न वर्षांचा आहे, हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी घेतो. धनुर्वाताचं इंजेक्शन सात-आठ वर्षांपूर्वी झालंय. घरात दोन मतं आहेत. एक म्हणतात टाके हवेत, दुसरे म्हणतात सहा तास उलटले, आता कोणी घालणार नाही. टाके लागतील का, आणि जखम नीट धुवायची कशी?
— एक वाचक

तुम्हाला थोडक्यात उत्तर पत्र मिळाल्या मिळाल्या कळवलं आहे: आजच्या आज मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा आणि हाताची शस्त्रक्रिया करणारे सर्जन बघतील अशी विनंती करा. पण तुमच्या पत्रात ज्या गोष्टी एकत्र आल्या आहेत त्या बऱ्याच जणांना उपयोगी पडतील, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, ते म्हणजे बधिरपणाचं. त्यामुळे आधी त्याचाच उलगडा करू. पट्टी घट्ट झाली तर बोट सगळीकडून बधिर होतं, टोक थंड पडतं, रंग निळसर किंवा फिका होतो आणि पट्टी सैल केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. फक्त एका बाजूचा बधिरपणा पट्टीमुळे येत नाही. प्रत्येक बोटात तळव्याच्या बाजूला दोन संवेदना नसा असतात, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, आणि प्रत्येक नस आपल्या बाजूचं अर्धं टोक सांभाळते. तुमच्या बोटाची अंगठ्याकडची अर्धी बाजू बधिर असेल आणि दुसरी अर्धी ठीक असेल, तर त्या बाजूची नस कापली किंवा निदान दुखावली गेली आहे असंच धरून चालायला हवं.

याचा रक्ताशी काय संबंध? बराच आहे. बोटाची धमनी त्याच नसेला खेटून जाते आणि तळव्याकडून पाहिलं तर नस वर आणि धमनी तिच्या खाली असते. म्हणजे तळव्याच्या बाजूने काच आत घुसली तर आधी नस लागते, मग धमनी. म्हणून बोटाच्या मुळाशी तळव्याकडून झालेली जखम चिळकांडी उडावी तशी वाहिली असेल, किंवा तुमच्यासारखी पट्टी काढताच पुन्हा पुन्हा लाल रक्त देत असेल, तर आम्ही नस शाबूत आहे असं गृहीत धरत नाही, आधी संवेदना तपासतो. पूर्ण तुटलेली धमनी आकसून आत ओढली जाते आणि पुष्कळदा आपोआप बंद होते. अर्धवट कापलेली मात्र आकसू शकत नाही, तिचं तोंड उघडंच राहतं आणि ती रेंगाळत वाहत राहते. त्यामुळे रक्त थोडंच येतंय म्हणून निर्धास्त होता येत नाही.

झिरपण्याला आणखी दोन साधी कारणं आहेत आणि तुमच्याकडे दोन्ही आहेत. एक अ‍ॅस्पिरिन. रक्तातल्या ज्या पेशी कापलेल्या जागी चिकटून पहिलं बूच बसवतात, त्यांना ही गोळी आळशी करते, आणि तो परिणाम त्या पेशींच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे आठवडा-दहा दिवस टिकतो. एखाद दिवस गोळी चुकवून काही फरक पडत नाही. हृदयासाठीची गोळी स्वतःहून बंद करू नका. दुसरं कारण म्हणजे वारंवार उघडून बघणं. गॉझ जखमेला चिकटलेलं असतं, ते ओढलं की त्याच्याबरोबर जमलेली गुठळीही निघून येते, आणि मग लोशनने धुतलं की उरलेलीही वाहून जाते. चार वेळा उघडलं म्हणजे रक्त थांबवण्याचं काम चार वेळा पहिल्यापासून सुरू झालं.

रक्त थांबवायला पट्टी नाही, दाब लागतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बोटाभोवती गुंडाळलेली पट्टी रक्त शोषून घेते, फारसं दाबत नाही. आणि ती फार आवळून बांधली तर उलटंच होतं: शिरांतून परत जाणारं रक्त अडतं, धमनीतून येणारं मात्र चालू राहतं, बोट फुगतं आणि झिरपणं वाढतं. बोटाच्या मुळाशी रबर किंवा दोरा आवळणारे लोक मी पाहिले आहेत. तो तसाच विसरला गेला तर बोटच जातं.

दाब असा द्यावा. स्वच्छ गॉझची किंवा धुतलेल्या सुती कापडाची जाड घडी नेमकी जखमेवर ठेवा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी घट्ट दाबा, हात छातीपेक्षा उंच धरा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं हलू नका. मध्ये एकदाही बघायचं नाही. कापड भिजलं तर न काढता त्यावर दुसरं ठेवा. पंधरा मिनिटांनी थांबलं नाही तर आणखी एकदा तसंच. तरीही ठिबकत असेल, किंवा रक्त ठोक्याठोक्याने उसळत असेल, तर दाब चालू ठेवूनच रुग्णालय गाठायचं. बोटात अंगठी असेल तर ती पहिल्या पाच मिनिटांतच काढा. नंतर सूज आली की ती कापूनच काढावी लागते.

आता झिरपणं म्हणजे नेमकं काय, तेही बघायला हवं. पहिले दोन-तीन दिवस जखमेतून पातळ, पिवळसर किंवा गुलाबी लस येते. ती पट्टीवर पसरली की भरपूर रक्त आल्यासारखं वाटतं, पण ते भरून येण्याच्या कामाचाच भाग असतं. काळजी करायची ती ताज्या लाल रक्ताची, किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी गढूळ, दाट, वास येणारा पू दिसला तर.

मग टाक्यांचं. जखम टाक्याची आहे का हे रक्तावरून ठरत नाही. टाळूवरची जेमतेम एक सेंटीमीटरची खोक सगळा चेहरा रक्ताने माखून टाकते, आणि हातावरची टाके लागतील अशी जखम दहा मिनिटांत कोरडी पडते. मी पहिल्यांदा बघतो ते हे की दाब काढून हात स्वस्थ ठेवला असताना जखमेच्या कडा एकमेकींना भिडतात का. भिडत असतील तर बोट किंवा सांधा थोडा हलवल्यावर उघडतात का. उघड्या राहणाऱ्या कडांना आधार लागतो, मग तो टाक्यांचा असो की चिकटपट्टीचा. त्यानंतर आत काय दिसतं ते. कातडीच्या खाली चरबीचे पिवळे, तुकतुकीत बारीक गोळे दिसले तर कातडीचे सगळे थर कापले गेले आहेत, जखम डॉक्टरांना दाखवायलाच हवी. पांढरी, चकचकीत, दोरीसारखी पट्टी दिसली तर ती स्नायूची दोरी, म्हणजे टेंडन. ती किंवा हाड दिसलं तर जखम शस्त्रक्रियागृहात बघण्याची असते. चेहरा, पापणी, ओठाची कड, सांध्यावरची जागा आणि जननेंद्रिय इथल्या जखमा लहान असल्या तरी घरी ठरवू नयेत.

लांबीबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण तुम्ही दीड-पावणेदोन सेंटीमीटर लिहिलं आहे. 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हाताच्या जखमांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन सेंटीमीटरपेक्षा लहान जखमा असलेल्या काहींना टाके घातले आणि काहींना फक्त धुऊन मलमपट्टी केली. तीन महिन्यांनी व्रण दोन्हीकडे सारखेच दिसले. म्हणजे निव्वळ लांबी पाहिली तर तुमची जखम टाक्यांविनाही भरेल. पण त्या अभ्यासात खाली नस, टेंडन, सांधा किंवा हाड दुखावलेल्या जखमा घेतल्याच नव्हत्या. तुमच्या जखमेचा प्रश्न नेमका तिथे आहे. वरची कातडी टाके घालून सुरेख शिवली आणि खालची कापलेली नस कोणी पाहिलीच नाही, हे मला टाके न घालण्यापेक्षा जास्त वाईट वाटतं, कारण मग सगळ्यांना वाटतं की काम झालं.

टेंडनची तपासणी ताकद न लावता घरी करता येते. हात उताणा करून मांडीवर सैल सोडा. निरोगी हातात बोटं आपोआप थोडी वाकलेली असतात आणि तर्जनीकडून करंगळीकडे जाताना वाक वाढत जातो. मधलं बोट या ओळीतून फुटून सरळ पडलेलं दिसलं, तर ते वाकवणारी दोरी तुटली आहे. दिसण्यात फरक नसेल तर पुढची पायरी: दुसऱ्या हाताने मधलं पेर धरून फक्त टोकाचं पेर वाकवून बघा. मग बाकीची तीन बोटं सरळ दाबून धरा आणि मधलं बोट मधल्या सांध्यात वाकवा. प्रत्येक बोटाला वाकवायला दोन दोऱ्या असतात, या दोन हालचाली त्या एकेक करून तपासतात. इथेच थांबा. जोर लावून मूठ आवळायला जाऊ नका, कारण बरीचशी कापलेली पण थोड्या धाग्यांवर टिकलेली दोरी बोट हलवत राहते आणि जोर दिल्यावर पूर्ण तुटते. बोट हलतंय म्हणजे टेंडन ठीक, असं म्हणूनच म्हणता येत नाही. हलवताना जखमेत खोलवर कळ आली तर तेही डॉक्टरांना सांगा.

सांगायची आणखी एक गोष्ट आहे, जी विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही: कापलं तेव्हा बोट वाकलेलं होतं की सरळ. ग्लास आतून घासताना त्याला धरलेल्या हाताची बोटं वाकलेली असतात. वाकलेल्या स्थितीत दोरी जिथे कापली जाते, ती जागा बोट सरळ केल्यावर टोकाच्या दिशेने पुढे सरकते. तपासणारा सरळ बोटात जखमेत डोकावला तर त्याला शाबूत दोरी दिसते आणि काप बाजूलाच लपलेला राहतो. बोट वाकवून पाहिलं की सापडतो.

संवेदना तपासायला डोळे मिटून दुसऱ्या कोणाला कापसाच्या टोकाने बोटाच्या टोकाला एकदा अंगठ्याकडून आणि एकदा करंगळीकडून हलकेच स्पर्श करायला सांगा. दुसऱ्या हाताच्या त्याच बोटाशी तुलना करा. फरक असेल तर तो रुग्णालयात पोचल्यावर आधी सांगा, कारण जागा बधिर करण्याचं इंजेक्शन दिल्यावर हे तपासताच येत नाही. नस जोडायची असेल तर ती पुढच्या काही दिवसांत जोडणं सोपं जातं. टोकं आकसून व्रणात अडकल्यावर काम अवघड होतं. जोडल्यानंतरही नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. तुमच्या जखमेपासून बोटाच्या टोकापर्यंत आठेक सेंटीमीटर धरले तर संवेदना यायला तीन महिन्यांच्या आसपास किंवा जास्त लागतील, हे आधीच माहीत असलेलं बरं.

सहा तासांचा नियम जुना आहे आणि घरोघरी पक्का बसलेला आहे. आज तो इतका कडक पाळला जात नाही. स्वच्छ कापलेली जखम बारा ते अठरा तासांपर्यंत शिवली जाते, चेहऱ्यावरची चोवीस तासांपर्यंतही, कारण तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो. जखम पिकते की नाही हे तासांपेक्षा ती किती मळलेली होती, आत काही राहिलं का आणि मधुमेह आहे का यावर जास्त अवलंबून असतं. आणि खूपच उशीर झाला किंवा जखम घाणेरडी असली तरी वाट बंद होत नाही: धुऊन उघडी ठेवतात, चार-पाच दिवसांनी पू नाही असं दिसलं की मग शिवतात. प्राण्याने किंवा माणसाने चावलेली जखम मात्र सहसा लगेच शिवत नाहीत, आणि प्राण्याचा चावा असेल तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी जायचं.

आता धुण्याकडे. तुम्ही आज पुन्हा धुवू नका, रुग्णालयात ते होणारच आहे. पण चार वेळा लोशनने धुणं हे जखमेवर प्रेम असलं तरी तिच्या फायद्याचं नाही. जंतुनाशकांची तीव्र द्रावणं, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट हे जंतूंबरोबर जखम भरणाऱ्या कोवळ्या पेशीही मारतात. खरं काम करतं ते पाणी, आणि तेही त्याच्या प्रमाणामुळे व वाहण्यामुळे. पिण्याजोगं नळाचं पाणी आणि निर्जंतुक सलाइन यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत नळाच्या पाण्याने जखमा जास्त पिकल्याचं आढळलेलं नाही.

ताजी जखम असेल तर क्रम असा. रक्त जोरात येत असेल तर आधी दाब, धुणं नंतर. रक्त आटोक्यात आल्यावर स्वतःचे हात धुवा, जखम कोमट किंवा साध्या वाहत्या पाण्याखाली धरा आणि पाच ते दहा मिनिटं धार आतपर्यंत जाऊ द्या, कडा बोटांनी किंचित विलग करून. दहा मिनिटं फार वाटतात. बहुतेक जण मिनिटभरात बाजूला होतात आणि तिथेच गडबड होते. मोजमापात सांगायचं तर जखमेच्या प्रत्येक सेंटीमीटरला पन्नास ते शंभर मिलिलिटर पाणी आम्ही किमान धरतो. तुमच्या जखमेला दोनशे मिलिलिटर, म्हणजे एक पेला. पण ते पिचकारीच्या दाबाने मारलेलं असतं, घरी तेवढा दाब नसतो म्हणून पाणी भरपूर वापरायचं. साबण भोवतालच्या कातडीला, आत नाही. धुतल्यावर थोडं रक्त पुन्हा येईल. पुन्हा पंधरा मिनिटं दाबा.

जखमेत पावडर, पेस्ट, राख असं काही भरू नका. टाके घालायचे तर ते सगळं खरवडून काढावं लागतं आणि त्यासाठी जखम पुन्हा दुखवावी लागते. वर न चिकटणारी पट्टी, खाली पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, एवढं पुरे. पट्टी बदलताना ती चिकटली असेल तर पाण्याने भिजवून पाच मिनिटं थांबा, मग उचला. सैलसर कडा जवळ आणायच्या कागदी चिकटपट्ट्या लावायच्या असतील तर त्या जखमेला आडव्या, दोन पट्ट्यांमध्ये थोडी फट ठेवून लावाव्यात, आणि बोटाला पूर्ण वेढा घालू नये, सूज आल्यावर तो आवळतो. वाकणाऱ्या जागी त्या लवकर सुटतात. घरगुती वस्तू चिकटवायचा गोंद जखमेत नको. डॉक्टर वापरतात तो वेगळा असतो, आणि तोही तळव्यावर किंवा सांध्यावर टिकत नाही.

काचेबद्दल. वरून दिसणारा, सुटा तुकडा चिमट्याने काढायला हरकत नाही, पण खोल रुतलेला ओढू नका, तो धमनीचं बूच बनून बसलेला असू शकतो. ग्लास फुटलेला होता हे तिथे आवर्जून सांगा आणि एक्स-रे काढणार का ते विचारा. दोन मिलिमीटरपेक्षा मोठे काचेचे तुकडे त्यात बहुधा दिसतात. लाकूड आणि प्लॅस्टिक दिसत नाहीत, त्यांच्यासाठी सोनोग्राफी लागते.

धनुर्वाताचं गणित सोपं आहे, लहानपणचा पूर्ण डोस झालेला असेल तर. स्वच्छ, उथळ जखमेला शेवटच्या इंजेक्शनपासून दहा वर्षं चालतात; खोल किंवा मळक्या जखमेला पाच. तुम्हाला सात-आठ झाली आहेत आणि जखम खोल आहे, म्हणून मी तरी घ्या म्हणेन. ज्यांना लहानपणी डोस झाले की नाही हेच आठवत नाही, त्यांना मळक्या जखमेत लशीखेरीज तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही लागतं.

टाके घातले गेले तर हातावर ते आठ-दहा दिवसांनी, सांध्याजवळ असल्याने कदाचित चौदा दिवसांनी काढतील. पहिले चोवीस तास पट्टी कोरडी ठेवा, दोन दिवस हात उंच ठेवा. दुखणं दुसऱ्या दिवसापासून उतरत जायला हवं. ते उलट वाढलं, ठणका लागला, लाली पसरायला लागली, हातावर वर जाणारी लाल रेघ दिसली किंवा ताप आला तर दिलेली तारीख न बघता परत जा. आणि सबंध बोट सुजून अर्धवट वाकलेलं राहिलं, कोणी ते हलकेच सरळ करायला गेलं की असह्य कळ येत असेल, तर दोरीच्या म्यानात पू झालेला असू शकतो. त्यात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबायचं नसतं, मध्यरात्र असली तरी निघायचं.